सलग तीन रात्री आणि हरवलेल्या सत्तावन्न नोंदी

कामगंध सापळ्यांत अडकलेल्या पतंगांची मोजणी हा कापूस पट्ट्यातील कीड सर्वेक्षणाचा पाया आहे. गुलाबी बोंडअळीसाठी आपण सर्वजण जो निकष वापरतो तो परिचित आहे : सलग तीन रात्री प्रति सापळा सरासरी ८ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले, की किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानून शेतकऱ्यांना नियंत्रणाचा सल्ला द्यावयाचा. या निकषातील ‘सलग’ आणि ‘सरासरी’ हे दोन्ही शब्द नोंदींच्या पूर्णतेवर उभे आहेत. मधली एक रात्र गळाली तर सलगता तुटते आणि काही सापळे गळाले तर सरासरी बदलते. गेल्या एका हंगामात आमच्या एका सर्वेक्षणात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. त्यास कारण सापळा नव्हता, ल्यूर नव्हते, नोंद घेणारा क्षेत्र सहायकही नव्हता. कारण होते एक्सेलमधील Remove Duplicates ही सोय. ती ज्या पद्धतीने काम करते ते आमच्यापैकी कोणी नीट समजून घेतले नव्हते.

सर्वेक्षण लहान होते. चार गावे, प्रत्येक गावात पाच सापळे, ११ ते १६ सप्टेंबर अशा सहा रात्री. चार गुणिले पाच गुणिले सहा, म्हणजे १२० नोंदी अपेक्षित. येथे गावांना ग-१ ते ग-४ म्हणू. सापळ्यांचे क्रमांक प्रत्येक गावात १ ते ५ असेच होते. क्षेत्र सहायक रोज सकाळी भ्रमणध्वनीवरून नोंदी पाठवीत आणि कार्यालयात त्या तारखेच्या क्रमाने एका तक्त्यात जमा होत. खेड्यात संपर्क तुटतो, नोंद गेली की नाही याची खात्री राहत नाही आणि मग तीच नोंद पुन्हा पाठविली जाते. अशा चार नोंदी दोनदा आल्या होत्या. तक्त्यात शीर्षकाची ओळ वगळता १२४ ओळी झाल्या. A स्तंभात तारीख, B मध्ये गाव, C मध्ये सापळा क्रमांक आणि D मध्ये पतंगांची संख्या.

चार जादा ओळी काढावयाच्या होत्या. आमच्या सहकाऱ्याने दुसऱ्या ओळीपासून १२५व्या ओळीपर्यंतचा भाग निवडला, Data या टॅबमधील Remove Duplicates दाबले, उघडलेल्या चौकटीतील स्तंभांच्या यादीत तीन खुणा ठेवल्या आणि OK केले. पडद्यावर पुढील सूचना आली : “57 duplicate values found and removed, 67 unique values remain.” काढावयाच्या होत्या चार, गेल्या सत्तावन्न. परंतु सूचना इंग्रजीत, घाई सकाळची आणि मनात ‘दुबार नोंदी निघाल्या’ एवढेच समाधान. फाईल जतन झाली, त्यावरून सरासरीचा तक्ता तयार झाला आणि चारही गावे धोक्याच्या पातळीखाली असल्याचा अहवाल गेला.

दुसऱ्या दिवशी ग-३ मधील क्षेत्र सहायकाचा फोन आला. “मॅडम, आमच्याकडे चौदा, पंधरा, सोळा या तिन्ही रात्री आठाच्या वर पतंग होते. माझ्या वहीत आहे. तुमच्या अहवालात आमचे गाव का नाही?”

त्याची वही आणि आमचा तक्ता समोरासमोर ठेवल्यावर जे दिसले ते असे :

| रात्र | सापळा १ ते ५ (वहीतील संख्या) | खरी सरासरी | तक्त्यात उरलेल्या संख्या | तक्त्यातील सरासरी |
|---|---|---|---|---|
| ११ | ५, ६, ४, ७, ३ | ५.० | ५, ६, ४, ७, ३ | ५.० |
| १२ | ६, ७, ६, ८, ५ | ६.४ | ६, ७, ६, ८, ५ | ६.४ |
| १३ | ७, ९, ६, ८, ७ | ७.४ | ७, ९, ७ | ७.७ |
| १४ | ९, ९, ८, ८, ७ | ८.२ | ९, ८ | ८.५ |
| १५ | ९, ९, ८, ११, ७ | ८.८ | ११ | ११.० |
| १६ | ९, १०, ८, ११, ४ | ८.४ | १०, ४ | ७.० |

तीस नोंदींपैकी अठराच उरल्या होत्या आणि गळालेल्या सर्व बारा नोंदी शेवटच्या चार रात्रींतील होत्या. वहीप्रमाणे १४, १५ आणि १६ या तीन रात्री पातळीच्या वर आहेत. तक्त्याप्रमाणे मात्र १४ आणि १५ याच दोन. सोळा तारखेची सरासरी ७ वर उतरली आणि निकष पूर्ण झाला नाही. पंधरा तारखेची ११ ही सरासरी तर एकाच सापळ्याची होती. अहवालाच्या तक्त्यात सरासरीच्या शेजारी ‘किती सापळ्यांवरून’ हा आकडा आम्ही दाखवीत नव्हतो. तो असता तर ही गोष्ट पहिल्याच नजरेत उघड झाली असती.

आता हे कसे घडले ते पाहू. Remove Duplicates च्या चौकटीत स्तंभांची यादी असते आणि प्रत्येकापुढे खूण करण्याची जागा असते. येथे एक समज फार पसरलेला आहे, की ज्या स्तंभांवर खूण केली त्यांतील दुबार मजकूर तेवढा जाईल. प्रत्यक्षात खुणा केवळ तुलनेसाठी असतात. ज्या स्तंभांवर खूण आहे तेवढ्यांचीच तुलना होते, पण दुबार ठरल्यावर निवडलेल्या भागातील संपूर्ण ओळ जाते, खूण नसलेल्या स्तंभांतील माहितीसह. जुळणाऱ्या ओळींपैकी सर्वांत वरची तेवढी राहते. कोणती ओळ ठेवावी हे सॉफ्टवेअर विचारत नाही.

सहकाऱ्याच्या खुणा B, C आणि D या स्तंभांवर होत्या. म्हणजे गाव, सापळा आणि पतंगांची संख्या. तारीख त्यात नव्हतीच. त्यामुळे ग-३ मधील पहिल्या सापळ्यात १४ तारखेला ९ पतंग आले ही नोंद राहिली, आणि त्याच सापळ्यात १५ व १६ तारखेला पुन्हा ९ आले या दोन नोंदी दुबार ठरून गेल्या. दुसऱ्या सापळ्यातील ९ हा आकडा तर १३ तारखेलाच येऊन गेला होता, म्हणून १४ आणि १५च्या नोंदी गेल्या. ज्या सापळ्यात संख्या वरच्या पातळीवर स्थिर राहिली, नेमका तोच सापळा नंतरच्या रात्रींतून नाहीसा झाला. ‘सलग’ या शब्दाचा अर्थच मुळी पुनरावृत्ती असा आहे आणि आम्ही यंत्राला पुनरावृत्ती काढून टाकावयास सांगितले होते.

तारखेवर खूण का राहिली नाही, याचे उत्तर त्याच चौकटीतील दुसऱ्या एका पर्यायात आहे. चौकटीच्या वरच्या बाजूस My data has headers असा पर्याय असतो. तो चालू असेल तर निवडलेल्या भागातील पहिली ओळ शीर्षक समजली जाते आणि यादीत ‘तारीख’, ‘गाव’, ‘सापळा’ अशी नावे दिसतात. तो बंद असेल तर नावे दिसत नाहीत, केवळ Column A, Column B अशी अक्षरे दिसतात. सहकाऱ्याने दुसऱ्या ओळीपासून भाग निवडला होता, शीर्षक निवडीत नव्हते, म्हणून पर्याय बंद असणे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होते. परंतु त्यामुळे त्याला अक्षरांवरून खुणा कराव्या लागल्या. आधीच्या हंगामातील आमच्या तक्त्यात A स्तंभात अनुक्रमांक असे, आणि तारीख, गाव व सापळा हे B, C, D मध्ये असत. नव्या तक्त्यातून अनुक्रमांक काढलेला होता, म्हणून सर्व स्तंभ एकेक घर डावीकडे सरकले होते. हात सवयीने B, C, D वर गेला. जुन्या तक्त्यात या तीन खुणा अगदी योग्य ठरल्या असत्या.

म्हणून माझा आग्रह असा, की भाग निवडताना शीर्षकाची ओळ नेहमी सोबत घ्यावी आणि तो पर्याय चालू ठेवावा. यादीत मराठी नावे दिसू लागली की चुकीची खूण डोळ्यांना खटकते.

मात्र हा पर्याय आंधळेपणाने चालू ठेवण्यातही धोका आहे, आणि तो आम्ही त्याच दुपारी अनुभवला. मूळ नोंदी परत मिळविण्यासाठी चारही सहायकांचे संदेश नव्या कोऱ्या तक्त्यात ओळीने उतरविले. त्यात शीर्षकाची ओळ नव्हती. या वेळी तारीख, गाव आणि सापळा या तीन योग्य स्तंभांवर खुणा केल्या, पण शीर्षकाचा पर्याय चालू राहून गेला. सूचना आली : “3 duplicate values found and removed, 120 unique values remain.” एकशेवीस! हाच आकडा आम्हाला हवा होता. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. तक्त्यात ओळी मात्र १२१ होत्या.

हिशेब असा. पर्याय चालू असल्याने पहिली नोंद, म्हणजे ग-१ मधील पहिल्या सापळ्याची ११ तारखेची, शीर्षक समजली गेली. शीर्षकाची तुलना होत नाही आणि ते मोजलेही जात नाही. योगायोगाने दोनदा आलेल्या चार नोंदींपैकी ती एक होती. तिची दुसरी प्रत खाली होती, परंतु तुलनेसाठी मूळ नोंद रिंगणातच नसल्यामुळे ती प्रत एकमेव ठरून राहिली. उरलेल्या १२३ ओळींतून तीन गेल्या, १२० राहिल्या आणि वर न मोजलेली एक. आपल्याला अपेक्षित असलेला आकडा पडद्यावर आला म्हणून काम बरोबर झाले असे नाही, तक्त्यातील शेवटच्या ओळीचा क्रमांकही पाहावयास हवा. याहून सोपी खूण चौकटीतच असते. स्तंभांच्या यादीत नावांच्या जागी एखादी तारीख, गावाचे नाव किंवा सुटा आकडा दिसत असेल, तर समजावे की आपली पहिली नोंद शीर्षक बनली आहे. अशा तक्त्यावरून पुढे पिव्हट टेबल केले तर तेथेही पहिली ओळ शीर्षकच मानली जाते आणि ती नोंद हिशेबातून गळते.

अनेक गावांच्या फायली एकाखाली एक चिकटविताना प्रत्येकीचे शीर्षकही सोबत येते. पर्याय चालू असल्यास सर्वांत वरचे शीर्षक बाजूला राहते, खालच्या शीर्षकांपैकी पहिले साधी नोंद म्हणून टिकते आणि बाकीची जातात. याने नुकसान फारसे होत नाही, पण ओळींची मोजणी एकाने चुकते.

खुणांविषयी बोललो, पण त्याआधी भाग निवडण्याची पायरी असते आणि तेथील चूक अधिक गंभीर ठरते, कारण तीत नोंद जात नाही तर बदलते. एकच स्तंभ निवडून Remove Duplicates दाबले तर एक्सेल सावध करते, की शेजारी आणखी माहिती आहे. त्या सूचनेत Expand the selection आणि Continue with the current selection असे दोन पर्याय असतात. दुसरा पर्याय घेतला तर केवळ त्या स्तंभातील घरे काढली जातात आणि खालची घरे वर सरकतात. शेजारचे स्तंभ जागचे हलत नाहीत. परिणामी एका गावाच्या नावापुढे दुसऱ्याच गावाचे पतंग येऊन बसतात. परंतु या सूचनेवर विसंबून राहू नये. तक्त्याच्या मध्ये एखादा स्तंभ संपूर्ण रिकामा असेल तर एक्सेल त्या ठिकाणी तक्ता संपला असे मानते. आमच्याकडे E स्तंभ रिकामा ठेवून F मध्ये शेरे लिहिण्याची पद्धत होती : ल्यूर बदलले, सापळा वाऱ्याने पडला, डोमकळ्या दिसल्या. तक्त्यातील एका घरावर टिचकी मारून Remove Duplicates दाबले की निवड A ते D एवढीच होते, शेरे बाहेर राहतात. ओळी निघून वर सरकल्या की शेरे भलत्याच सापळ्यांसमोर येतात. ग-४ मधील पडलेल्या सापळ्याचा शेरा ग-२ मधील धडधाकट सापळ्यासमोर आला, तर एक चांगली नोंद अविश्वसनीय ठरते आणि एक वाईट नोंद विश्वासार्ह. हे ओळखण्याची खूण अशी : A स्तंभ ज्या ओळीवर संपतो त्याच ओळीच्या आसपास F संपावयास हवा. A चा शेवट ६८व्या ओळीवर आणि शेरे १२०व्या ओळीपर्यंत खाली लोंबत असतील, तर स्तंभ एकमेकांपासून सुटले आहेत. तेव्हापासून आम्ही रिकामा स्तंभ ठेवणे सोडले आहे.

कीटकांच्या मोजणीला या साधनाचा त्रास इतरांपेक्षा अधिक का होतो, याविषयी कीटकशास्त्रज्ञ म्हणून थोडे सांगावेसे वाटते. माती परीक्षणाच्या अहवालात दोन नमुन्यांचे सर्व आकडे तंतोतंत सारखे येणे विरळा. पतंगांची संख्या मात्र लहान पूर्णांकांत असते आणि हंगामाच्या प्रारंभी बहुतेक सापळ्यांत शून्य असते. समजा एका गावात एका रात्री ०, ०, ०, ०, ५ असे पतंग आले. सरासरी १. तारीख, गाव आणि संख्या यांवर खुणा करून सापळा क्रमांक सुटला, तर चार शून्यांपैकी एकच उरते आणि सरासरी २.५ होते. म्हणजे याच चुकीने एका गावात प्रादुर्भाव कमी दिसतो तर दुसऱ्या गावात जास्त. शून्य ही नोंद आहे, रिकामी जागा नव्हे.

नोंदीची ओळख कोणत्या स्तंभांनी ठरते हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. ते आपण ठरवावयाचे असते. आमच्या तक्त्यात तारीख, गाव आणि सापळा या तिघांनी मिळून नोंद ओळखली जाते, कारण एका सापळ्याची एका रात्री एकच मोजणी होते. पतंगांची संख्या ही ओळख नाही, ते निरीक्षण आहे. हे स्पष्ट झाल्यावर आम्ही काढण्याआधी पाहण्याची पद्धत घेतली. मूळ तक्त्याची प्रत वेगळ्या पानावर ठेवून, दुसऱ्या प्रतीत H2 या घरात पुढील सूत्र लिहिले आणि शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढले :

```
=COUNTIFS($A$2:$A$125,A2,$B$2:$B$125,B2,$C$2:$C$125,C2)
```

ही तारीख, गाव आणि सापळा असलेल्या ओळी किती आहेत ते हे सूत्र सांगते. बहुतेक ठिकाणी १ येते, दोनदा आलेल्या नोंदींपुढे २. त्यानंतर I2 मध्ये संख्याही जोडली :

```
=COUNTIFS($A$2:$A$125,A2,$B$2:$B$125,B2,$C$2:$C$125,C2,$D$2:$D$125,D2)
```

H मध्ये २ आणि I मध्येही २ असेल तर ती निखळ पुनरावृत्ती आहे, एक प्रत काढण्यास हरकत नाही. H मध्ये २ पण I मध्ये १ असेल तर एकाच सापळ्याच्या एकाच रात्रीच्या दोन वेगळ्या मोजण्या आल्या आहेत. येथे थांबावे लागते. Remove Duplicates योग्य खुणांनी वापरले तरी अशा जोडीतील वरची, म्हणजे आधी आलेली नोंद ठेवते. क्षेत्रावरून नोंद दुसऱ्यांदा येते ती पुष्कळदा आधीची चूक सुधारण्यासाठीच. म्हणजे दुरुस्ती जाते आणि चूक राहते.

सूत्र लावण्यापूर्वी गावांची नावे एकाच पद्धतीने लिहिली आहेत ना हे पाहून घ्यावे. नावापुढे एक रिकामी जागा राहिली तरी दोन नावे वेगळी ठरतात. Remove Duplicates साठी तर तारखेचे दिसणेही महत्त्वाचे असते. तीच तारीख एका घरात 14-09 आणि दुसऱ्यात 14-Sep अशी दिसत असेल तर ते त्या दोन वेगळ्या मानते.

चूक लगेच लक्षात आली तर Ctrl+Z ने सर्व ओळी परत येतात. फाईल बंद करून पुन्हा उघडली की हा मार्ग राहत नाही. गुगल शीट्समध्ये हीच सोय Data मधील Data cleanup खाली आहे, तेथे शीर्षकाचा पर्याय Data has header row या नावाने येतो आणि तोही असाच वागतो. तेथे Version history मधून मागील स्थिती परत आणता येते, एवढा अधिक दिलासा.

ग-३ साठीचा सल्ला अखेर दोन दिवस उशिरा गेला. अंड्यातून निघालेली अळी एकदा बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे दोन दिवस हा विलंब लहान नव्हता आणि त्या गावातील बैठकीत ते आम्हाला ऐकावेही लागले.

सूत्रे लावल्यावर आमच्या चार जोड्यांपैकी तीन निखळ पुनरावृत्ती निघाल्या. चौथी ग-२ मधील चौथ्या सापळ्याची १५ तारखेची होती. पहिल्या नोंदीत १ पतंग, दुसरीत ११. सहायकाला फोन केला. त्याने वही उघडली, पान उलटल्याचा आवाज आला. “अकरा, मॅडम. पहिल्यांदा पाठवताना एक आकडा राहिला होता, म्हणून तर परत पाठविली.” वरची ओळ आम्ही हाताने काढली.